बचत खात्यातले सहा लाख: दिवसाला किती झिजतात आणि कुठे हलवायचे

प्रश्न: मी ४३ वर्षांची, नाशिकला शिक्षिका आहे. माझ्या बचत खात्यात ६ लाख रुपये पाच-सहा वर्षांपासून तसेच आहेत. भाऊ म्हणतो महागाई हे पैसे खाते आहे, पण पासबुकात तर आकडा वाढतानाच दिसतो. घरखर्च महिन्याला ४० हजार. मुलगी आठवीत आहे, सहामाही नुकतीच झाली. कर जुन्या पद्धतीने भरते, २० टक्क्यांच्या टप्प्यात. एफडी मोडली की दंड लागतो आणि शेअर बाजाराची भीती वाटते, म्हणून आजवर काहीच केलं नाही. हे पैसे नेमके कसे कमी होताहेत, आणि मी काय करू?

उत्तर:

तुमचा भाऊ बरोबर सांगतो आहे, आणि पासबुकही चुकीचं नाही. पासबुक रुपये मोजतं. त्या रुपयांत काय येतं, हे ते मोजत नाही. त्यामुळे ही झीज कधी डोळ्यांसमोर येत नाही. शेअर पडला तर आकडा लाल होतो, इथे मात्र दर तीन महिन्यांनी व्याज जमा झाल्याची ओळ उमटते आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

आधी ही झीज एका दिवसावर आणून बघू. मोठ्या बँकांनी २०२५ च्या जूनपासून बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. ६ लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला १५ हजार, दिवसाला ४१ रुपये. हे व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजलं जातं, म्हणजे रोज रात्री तुमच्या नावावर ४१ रुपये चढतात असं समजा. आता दुसरी बाजू. रिझर्व्ह बँकेनं महागाईचं जे लक्ष्य धरलं आहे ते ४ टक्के. किंमती एवढ्याच वाढल्या, जास्त नाही, तरी ६ लाखांत येणारी वस्तू वर्षभरात २४ हजारांनी महाग होते, म्हणजे दिवसाला ६६ रुपयांनी. रोज ६६ रुपये झिजतात आणि ४१ भरून येतात. उरलेले २५ रुपये रोज जातात आणि त्यांची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. वर्षाला हे ९ हजार झाले, आणि यात कर अजून धरलेला नाही.

मागची पाच वर्षं तर लक्ष्यापेक्षा महाग गेली. ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित सरासरी महागाई २०२०-२१ मध्ये ६.२ टक्के होती, पुढच्या वर्षी ५.५, मग ६.७, मग ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के. हे आकडे एकमेकांवर चढतात. २०१९-२० मध्ये जो बाजार १०० रुपयांत होत होता, तो २०२४-२५ मध्ये सुमारे १३२ रुपयांना झाला. म्हणजे तेव्हाच्या ६ लाखांची खरेदी आज करायची तर ७ लाख ९० हजार हवेत. बचत खात्याला त्या काळात बहुतेक मोठ्या बँका पावणेतीन टक्क्यांच्या आसपास देत होत्या, त्या हिशेबानं ६ लाखांचे झाले साधारण ६ लाख ८५ हजार. पासबुकात ८५ हजारांची भर दिसते, पण त्याच मालाला १ लाख ५ हजार कमी पडतात. उलट बाजूनं सांगायचं तर तुमच्याकडे आज २०१९-२० च्या हिशेबानं ५ लाख २० हजारच आहेत. ८० हजार गेले ते असे.

बँक इतका कमी दर का देते, हे एकदा समजलं की तो वाढण्याची वाट बघणं सुटतं. बचत खात्यातला पैसा तुम्ही कधीही काढू शकता, एटीएम, यूपीआय, चेक सगळं त्याच्यावर चालतं. ही सोय हाच तुमचा मोबदला असं बँक धरते. लोक दर बघून हे पैसे हलवत नाहीत, हा बँकेचा अनुभव आहे. त्यामुळे हा बँकेचा सगळ्यात स्वस्त कच्चा माल असतो. २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत हा दर रिझर्व्ह बँक ठरवायची आणि २००३ पासून तो साडेतीन टक्क्यांवर गोठलेला होता. २००९ ते २०११ च्या दरम्यान महागाई दोन आकडी झाली, तरी २०११ च्या मे महिन्यापर्यंत तो साडेतीनच राहिला. पुढे बँकांना मोकळीक मिळाली, पण मोठ्या बँका ४ टक्क्यांच्या वर फारशा गेल्या नाहीत आणि नंतर खालीच आल्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बचत खात्याचा दर बँक कुठल्याही दिवशी खाली आणू शकते, तो तुमच्या सगळ्या शिल्लकेला लागतो. एफडीचा दर मात्र मुदत संपेपर्यंत बांधलेला असतो.

इथे एक रास्त शंका येते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महागाईचा आकडा पाव टक्क्यावर आला होता. मग तेव्हा तर अडीच टक्के व्याज जास्तच झालं! खरं आहे, असे काही महिने येतात आणि त्या महिन्यांत बचत खातं तोट्यात नसतं. पण तो आकडा प्रामुख्यानं भाज्या आणि डाळी आदल्या वर्षापेक्षा स्वस्त झाल्यामुळे खाली आला होता. आदल्या वर्षी त्या खूप महागल्या होत्या, म्हणून फरक मोठा दिसला. महागाईचा दर खाली येणं म्हणजे किंमती मागे जाणं नव्हे, त्या वाढायचा वेग मंदावणं. मधल्या वर्षांत १०० चे १३२ झाले ते काही परत १०० वर येत नाहीत.

शिवाय तो देशाचा आकडा आहे, तुमच्या घराचा नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून बनवलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के वजन होतं. ज्या घरात खर्चाचा मोठा भाग शाळा, क्लास, दवाखाना आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जातो, त्या घराची महागाई वेगळी चालते. ती स्वतः काढता येते, फार वेळ लागत नाही. तुमचे ४० हजार घ्या. समजा त्यातले २६ हजार किराणा, दूध, वीज, प्रवास असे आहेत आणि ते ४ टक्क्यांनी वाढतात, म्हणजे १,०४० रुपये. ८ हजार फी आणि क्लासचे, ते १० टक्क्यांनी, म्हणजे ८०० रुपये. ६ हजार औषधं आणि विम्याचे, तेही १० टक्क्यांनी, म्हणजे ६०० रुपये. एकूण वाढ २,४४०, म्हणजे ६ टक्क्यांहून थोडी जास्त. मी इथे टक्के गृहीत धरले आहेत, तुम्ही मात्र मागच्या वर्षीच्या पावत्या काढा. शाळेची पावती, आरोग्यविम्याचं नूतनीकरण, सोसायटीचं मेंटेनन्स, एवढे तीन कागद पुरतात. तुमच्या घरचा आकडा एकदा हातात आला की कुठल्या पैशाला किती दर हवा, हे आपोआप ठरतं.

आता करायचं काय. एफडीचे दर बघायच्या आधी पासबुकाची मागची बारा महिन्यांची पानं उघडा, किंवा बँकेच्या ॲपमधून तेवढं स्टेटमेंट काढा आणि शिल्लक या रकान्यातला सगळ्यात लहान आकडा शोधा. समजा तो ५ लाख ४० हजार निघाला. याचा अर्थ वर्षभरात दिवाळी, फी, पाहुणे, दुखणीखुपणी सगळं होऊनही या ५ लाख ४० हजारांना हात लागला नाही. ते खात्यात होते, पण वापरात नव्हते. तुमचा हलवण्याजोगा पैसा तोच. वरचे ६० हजार खात्यात राहू द्या. महिन्याचा खर्च भागून थोडा हात सैल राहील एवढी ही रक्कम आहे, आणि त्या ६० हजारांवर व्याज किती मिळतं याचा विचारही करू नका.

उरलेल्यांपैकी पहिले २ लाख ४० हजार सहा महिन्यांचा खर्च म्हणून बाजूला काढा. नोकरी, आजारपण, घराचं अचानक काम, यासाठी. हा पैसा लगेच मिळाला पाहिजे, पण म्हणून तो बचत खात्यातच हवा असं नाही. याच्या एकाच रकमेची एक एफडी करू नका. ४०-४० हजारांच्या सहा करा. ॲपमधून करायला प्रत्येकी दोन मिनिटं लागतात. तीन एक वर्षाच्या आणि तीन दोन वर्षांच्या करा, म्हणजे दर खाली आले तरी निम्मा पैसा जुन्या दरावर बांधलेला राहील. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला आणि त्यामागोमाग नव्या एफडींचे दर उतरले, जुन्या चालू एफडींना मात्र काही झालं नाही. सहा एफडींचा खरा फायदा मोडताना कळतो. ३५ हजारांची गरज पडली तर एकच मोडायची, बाकीच्या पाच चालू राहतात.

दंडाची भीती तुम्ही लिहिली आहे, म्हणून तो हिशेब पूर्ण मांडतो. ४० हजारांची एफडी एक वर्षासाठी साडेसहा टक्क्यांनी केली आणि पाच महिन्यांनी मोडली असं समजू. बँक तुम्हाला साडेसहा टक्के देणार नाही. पाच महिन्यांच्या ठेवीला एफडी केली त्या दिवशी जो दर होता तो धरेल, समजा ५ टक्के, आणि त्यातून अर्धा ते एक टक्का कापेल. एक टक्का कापला असं धरलं तर ४ टक्क्यांनी पाच महिन्यांचे ६६७ रुपये मिळतात. हेच ४० हजार बचत खात्यात असते तर अडीच टक्क्यांनी ४१७ रुपये मिळाले असते. दंड भरूनही तुम्ही २५० रुपयांनी पुढेच आहात. दंड व्याजाच्या दरातून जातो, तुमच्या मुद्दलातून नाही. अगदी दीड महिन्याच्या आत मोडली तरच बचत खात्याइतकं किंवा किंचित कमी मिळू शकतं, आणि सात दिवसांच्या आत मोडली तर काहीच नाही. एवढीच काय ती जोखीम. त्यासाठी पाच वर्षं अडीच टक्क्यांवर बसण्याचं कारण नाही.

सहा एफडींचा व्याप नको असेल तर बँकेत ‘स्वीप’ची सोय मागा. शिल्लक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की वरची रक्कम आपोआप एफडीत जाते, आणि खात्यात कमी पडली की लागेल तेवढीच परत येते. सोय चांगली आहे, पण सुरू करताना दोन गोष्टी विचारून घ्या. एक, पैसे लागले तर आधी कुठली एफडी मोडते, सगळ्यात नवी की सगळ्यात जुनी? नवी मोडणारी पद्धत तुमच्या फायद्याची, कारण जुनी एफडी व्याज जमवत राहते. दोन, तुटक मोडताना एक-एक हजाराच्या पटीत मोडते की पूर्ण एफडी मोडते? ज्यांच्या खात्यात दर आठवड्याला पैसे येतात-जातात त्यांची स्वीप एफडी सतत मोडत राहते आणि शेवटी हातात लहान मुदतीचाच दर पडतो. पगार येऊन महिन्याभरात सारख्या गतीनं खर्च होणाऱ्या घराला मात्र ती जमते.

एफडी करताना फॉर्मवर दोन जागी चूक होते. व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला खात्यात जमा करायचा पर्याय निवडला, तर ते व्याज पुन्हा त्याच बचत खात्यात येऊन पडतं आणि झिजू लागतं. निवृत्तांना हा पर्याय लागतो, तुम्हाला नाही. तुम्ही व्याज मुद्दलातच मिळवत जाणारा पर्याय घ्या. दुसरी चूक मुदत संपल्यावरच्या सूचनेची. आपोआप नूतनीकरण सांगितलेलं नसेल आणि तुम्ही विसरलात, तर मुदत संपलेल्या एफडीवर पुढच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा एफडीचा जुना दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. २०२१ पासून हा नियम आहे. म्हणजे एफडीची पावती कपाटात आहे आणि पैसा पुन्हा अडीच टक्क्यांवर. घरातल्या जुन्या पावत्यांवरच्या तारखा आजच बघून घ्या, हे फार घरांत सापडतं.

तुमच्या ६ लाखांची आणखी एक बाजू तुमच्या प्रश्नात आली नाही. बँक अडचणीत आली तर ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. बचत खातं, एफडी, सगळ्या शाखा आणि त्यावरचं व्याज मिळून ५ लाख. ही मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीत वाढली, त्याआधी ती एकच लाख होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. मोठ्या सरकारी बँकेत असं होण्याची शक्यता नगण्य आहे, तरी एकाच नावावर एकाच जागी ६ लाख ठेवून वरचा एक लाख उघडा टाकायची गरज नाही. खाली जी विभागणी सांगतो आहे तिच्यात बँकेत ४ लाखच राहतात.

आता मुलीच्या शिक्षणाचा पैसा. ती आठवीत आहे, सहामाही झाली आहे, म्हणजे बारावीचा निकाल आणि प्रवेश साधारण साडेचार वर्षांनी. १ लाखाची चार वर्षांची एफडी तिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी करा. साडेसहा टक्क्यांनी तिचे सुमारे १ लाख २९ हजार होतील आणि प्रवेशाच्या आधी हातात येतील. बँकेत सांगताना ‘कर बचत एफडी’ होणार नाही याकडे लक्ष द्या. ती पाच वर्षांची असते आणि मधे मोडता येत नाही. दुसरा १ लाख पोस्टातल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात, म्हणजे एनएससीत ठेवा. त्याचा दर ७.७ टक्के आहे, पाच वर्षांनी १ लाखाचे १ लाख ४४ हजार ९०० मिळतात. पण एनएससी पहिल्या वर्षाच्या फीसाठी धरू नका. ती पाच वर्षांनी सुटते आणि मधे काढता येत नाही, तर प्रवेशाचे पैसे साडेचार वर्षांनी भरायचे आहेत. ती दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी बरोबर हाताशी येईल. मुदत आणि गरजेची तारीख चुकली की चांगल्या दराचा पैसाही ऐन वेळी उपयोगाला येत नाही, आणि मग महागडं कर्ज काढावं लागतं. फी वर्षाला १० टक्क्यांनी वाढत असेल तर आजची १ लाखाची फी चार वर्षांनी १ लाख ४६ हजार होते, म्हणून या दोन्हींवर भागेल असं समजू नका. पगारातून महिन्याला दोन-तीन हजारांचं आवर्ती खातंही सुरू करा.

शेवटचा १ लाख पीपीएफमध्ये जाऊ द्या. तुम्ही ४३ च्या आहात, त्याची पंधरा वर्षांची मुदत साधारण तुमच्या निवृत्तीच्या सुमाराला संपते. २०२० पासून दर ७.१ टक्के आहे, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, आणि व्याजावर कर नाही. तुमच्यासारख्या २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला करमुक्त ७.१ म्हणजे कर लागणाऱ्या जवळजवळ ९ टक्क्यांसारखं. हे वजन एफडीच्या शेजारी ठेवून बघा. साडेसहा टक्क्यांच्या एफडीतून उपकर धरून २०.८ टक्के कर गेला की ५.१५ टक्केच हातात राहतात. महागाई ४ टक्के असेल तर एफडी जेमतेम एक टक्क्यानं पुढे, ६ टक्के असेल तर मागेच. एफडी गळती बरीचशी थांबवते, पण तिच्याकडून वाढीची अपेक्षा धरू नका.

सगळं एकत्र करून पहिल्या वर्षाचा हिशेब असा येतो. खात्यातल्या ६० हजारांवर १,५००, सहा एफडींवर १५,६००, चार वर्षांच्या एफडीवर ६,५००, एनएससीवर ७,७०० आणि पीपीएफवर ७,१००, मिळून ३८,४०० रुपये. जुन्या करप्रणालीत बचत खात्याचं १० हजारांपर्यंतचं व्याज सुटतं, एफडी आणि एनएससीच्या २९,८०० वर सुमारे ६,२०० कर. हातात ३२,२००. चार टक्क्यांच्या महागाईनं ६ लाखांचे झिजले २४ हजार, तरी तुम्ही ८ हजारांनी पुढे राहता. सगळं बचत खात्यातच असतं तर १५ हजारांतले वरचे ५ हजार करपात्र, हातात राहिले असते सुमारे १४ हजार, आणि तुम्ही १० हजारांनी मागे. एका वर्षात १८ हजारांचा फरक, आणि यात शेअर बाजाराचा एक रुपया नाही.

बाजाराबद्दल तुम्ही घाबरता, म्हणून हे ६ लाख त्यात घालायला मी सांगणार नाही. सहा महिन्यांचा खर्च आणि साडेचार वर्षांनी लागणारी फी यांना बाजारात जागाच नाही. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता. तो पुढे सावरला, पण त्याच एप्रिलमध्ये फी भरायची असती तर त्या सावरण्याचा उपयोग शून्य होता. मात्र दहा-पंधरा वर्षांनी लागणारा पैसा फक्त ठेवींत राहिला तर तोही हळूहळू मागे पडतो. त्यासाठी पगारातून महिन्याला दोन हजारांची निफ्टी इंडेक्स फंडातली एसआयपी, म्हणजे त्याच पन्नास कंपन्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम, पुरे, थेट म्हणजे ‘डायरेक्ट’ योजनेतली, कारण तिच्यात मध्यस्थाचं कमिशन कापलं जात नाही. दीड-दोन वर्षं तिचे चढउतार बघून मगच वाढवायची की नाही ते ठरवा.

हे सगळं करायला बँकेत गेलात की एक धोका हमखास समोर येतो. ‘मॅडम, एफडीपेक्षा चांगलं काही दाखवतो’ असं म्हणून विमा पॉलिसी पुढे केली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर ‘प्रीमियम’ किंवा ‘सम अॅश्युअर्ड’ हे शब्द असतील, किंवा हीच रक्कम पुढची पाच-सात वर्षं दर वर्षी भरायची असेल, तर ती ठेव नाही, विमा आहे. पारंपरिक विमा-बचत योजनांचा परतावा साधारण चार ते सहा टक्क्यांच्या आतच बसतो आणि पहिल्या काही वर्षांत बाहेर पडलं तर मुद्दलालाच कात्री लागते. चुकून सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरा धोका जास्त दराचा. गल्लीतली पतसंस्था ९-१० टक्के देते म्हणून पूर्ण रक्कम तिथे नेऊ नका. ५ लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, पण पतसंस्थांच्या ठेवींना तो नाही. अडीच टक्क्यांवरची झीज वर्षाला काही हजारांची असते, बुडालेली मुद्दल मात्र परत येत नाही.

पीपीएफचे पैसे भरताना तारीख सांभाळा. त्यात व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर मोजतात. १ लाख ४ तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेला भरले तर सुमारे ५९० रुपये गेले. दर वर्षी भरणार असाल तर १ ते ५ एप्रिलच्या आत भरा. त्याच आठवड्यात घरखर्चाचा आकडाही नव्यानं काढा. तो ४० वरून ४२,४०० वर गेला असेल तर सहा महिन्यांची रक्कम २ लाख ४० हजार पुरणार नाही, २ लाख ५५ हजारांच्या आसपास हवी. एफडीचं व्याज मुद्दलातच मिळवलं असेल तर त्यातला बहुतेक फरक तिथेच भरून निघालेला असतो. कमी पडतील ते दोन-चार हजार त्यात टाका.